वृत्तालेखातली शेवटची पाकळी बसत नाही : घरखर्चाचे कोन ३६० च्या वर का जातात?

अनुजा_ना
मुलीला दहावीच्या गणिताचा उपक्रम आहे. स्वतःच्या घराचा एका महिन्याचा हिशेब घ्यायचा आणि त्याचा वृत्तालेख काढायचा. आमच्याकडे खर्चाची वही आहेच, हे रोज रात्री लिहून ठेवतात, म्हणून जूनचा महिना घेतला. एकूण ४२,००० रुपये, ते असे:

किराणा, भाजी, दूध : १४,७००
घरभाडं : ९,५००
शाळा आणि क्लास : ६,३००
वीज, गॅस, मोबाइल : ३,४००
पेट्रोल आणि एसटी : ३,१५०
औषधपाणी : १,७००
पोस्टातली आरडी : ३,२५०

तिने टक्के काढले ते अनुक्रमे ३५, २३, १५, ८, ८, ४, ८. मग प्रत्येकाला ३.६ ने गुणून कोन काढले: १२६, ८३, ५४, २९, २९, १४, २९. कोनमापक लावून एकीला लागून दुसरी अशा पाकळ्या काढत गेली. शेवटी आरडीला २९ अंश हवेत आणि जागा उरली २५ अंशांची. नवीन पानावर पुन्हा काढलं तरी तेच. कोनमापकात दोष आहे की हिशेबात? सोमवारी द्यायचं आहे.

शेंगदाणा
ताई, यात काही अवघड नाही. शेवटची पाकळी कधी मोजायचीच नसते. बाकीच्या सगळ्या काढा, जे उरेल ते शेवटच्याचं. आम्ही शाळेत असंच करायचो आणि पैकीच्या पैकी मिळायचे.

विन्या_पुणे
हाताने कशाला काढताय? एक्सेलमध्ये दोन स्तंभ टाका, इन्सर्टमध्ये जाऊन पाई चार्ट निवडा, संपलं. रंगसुद्धा आपोआप येतात. प्रिंट काढून वहीत चिकटवा.

अनुजा_ना
@विन्या_पुणे, कंपासपेटी वापरूनच काढायचं आहे, बाईंनी तसं लिहून दिलंय. प्रिंट चालणार नाही.
@शेंगदाणा, पण मग आरडीचे २५ अंश होतात ना. उरलेल्यात बसवलं तर तो खोटा आकडा नाही का झाला?

पाटीपेन्सिल
कोनमापक निर्दोष आहे. मुलीला एवढंच सांगा, की वहीतले ते सात टक्के एका खाली एक लिही आणि बेरीज कर. ३५ + २३ + १५ + ८ + ८ + ४ + ८. उत्तर १०१ येतं.

वर्तुळाकडे १०० टक्क्यांपुरतीच जागा आहे. एक टक्का म्हणजे ३.६ अंश, म्हणून १०१ टक्क्यांना ३६३.६ अंश लागतात. वर त्या कोनांनाही पूर्णांक केलंय, त्यामुळे त्यांची बेरीज ३६४ झाली. तुमच्याकडे २९ च्या जागी २५ उरले, म्हणजे बरोबर ते चार अंश कमी पडले. मुलीची आखणी चोख आहे, उलट तिचा हात इतका नेमका आहे म्हणूनच ही चूक पकडली गेली. ढिसाळ हाताने काढलं असतं तर चार अंश इकडेतिकडे जिरून गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

तो जास्तीचा एक टक्का आला कुठून ते बघा. घरभाडं खरं २२.६२ टक्के आहे, त्याचे २३ झाले. पेट्रोल आणि एसटी नेमके ७.५, त्याचे ८ झाले. आरडी ७.७४, तीही ८ झाली. हे तीन वर सरकले. वीज ८.१० ची ८ झाली आणि औषधं ४.०५ ची ४, पण त्यात खाली गेलं ते अगदीच किरकोळ. वर गेलेलं जास्त, खाली आलेलं कमी, आणि फरक बरोबर एका टक्क्याचा पडला.

यावर उपाय असा की टक्क्यांच्या टप्प्यावर पूर्णांक करायचाच नाही. किंबहुना रुपये हाताशी असताना टक्क्यांची गरजच काय? रुपयांतून थेट कोनावर जा. ९,५०० × ३६० ÷ ४२,००० = ८१.४३. सगळे असे काढले तर येतात १२६, ८१.४३, ५४, २९.१४, २७, १४.५७, २७.८६. आता अगदी शेवटी जवळच्या पूर्ण अंशावर न्या: १२६, ८१, ५४, २९, २७, १५, २८. करा बेरीज. ३६०.

अनुजा_ना
आली ३६०! पण सर, दोन्हीकडे पूर्णांकच केला ना आपण? आधी केला तर चुकतं आणि नंतर केला तर बरोबर, हे तिला कसं समजावू?

पाटीपेन्सिल
रुपयांतच समजवा, चटकन कळेल. तुमच्या घरात एक टक्का म्हणजे ४२० रुपये. टक्का पूर्णांक केला की एका बाबीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची, म्हणजे २१० रुपयांची लबाडी होते. एक अंश म्हणजे ४२,००० भागिले ३६०, साधारण ११७ रुपये. अंश पूर्णांक केला तर जास्तीत जास्त अर्ध्या अंशाची, म्हणजे ५८ रुपयांची. अंशाचं माप टक्क्याच्या साडेतीनपटीहून बारीक आहे, म्हणून काटछाट तिथे करावी.

शिवाय आधी छाटून मग ३.६ ने गुणलं की ती चूकही ३.६ पट होते. पेट्रोलचे २७ अंश हवेत, मुलीच्या वहीत २९ पडले ते यामुळेच.

शेंगदाणा
म्हणजे माझं चुकलं तर. पण उरलेली जागा शेवटच्याला देण्यात तुमच्या पद्धतीत तरी काय बिघडतं? बेरीज ३६० च आहे ना.

पाटीपेन्सिल
तुमचं अर्धं बरोबर आहे. कोन आधी कागदावर काढून त्यांची बेरीज ३६० आहे असं पाहिलं असेल, तर शेवटची पाकळी आपोआप उरणारच. पण ती तरीही मोजायची, कारण आखणी बरोबर झाली का हे सांगणारी तेवढी एकच खूण आपल्याकडे आहे. २८ यायला हवेत आणि कोनमापक २७ किंवा २९ दाखवतोय तर चालेल, हात आहे. २५ दाखवत असेल तर कुठेतरी गडबड आहे. न मोजता सोडून दिली की आधीच्या सगळ्या पाकळ्यांची चूक गुपचूप शेवटच्या बाबीच्या माथी जाते. इथे ती आरडी आहे. २५ अंश म्हणजे सुमारे २,९१७ रुपये, म्हणजे तुमच्या बचतीतले ३३३ रुपये कागदावरच गायब.

विन्या_पुणे
मी परत येतोय, कारण आत्ता करून पाहिलं. हेच आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि टक्के दाखवायला सांगितले तर त्यानेही पाकळ्यांवर ३५, २३, १५, ८, ८, ४, ८ असंच लिहिलं! बेरीज १०१. पण चित्र मात्र नीट बंद झालंय. हे कसं?

पाटीपेन्सिल
कारण ते चित्र काढताना मूळ रुपये वापरतं आणि टक्के फक्त लेबलावर छापण्यापुरते छाटतं. लेबलात तीन दशांश स्थळं दाखवायला सांगा, बेरीज १०० होईल. मुलीने नेमकं उलट केलं होतं, आधी लेबल तयार केलं आणि लेबलावरून चित्र.

भास्करकाका_नगर
हिशेब झाला, आता आखणीबद्दल मी बोलतो. चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, कोनमापकाशी घरोबा आहे.

प्रत्येक पाकळी आधीच्या रेषेवरून मोजायची ही शाळेतली सवय मला पटत नाही. प्रत्येक वेळी कोनमापक उचलायचा, फिरवायचा, केंद्र पुन्हा जुळवायचं. केंद्र एक मिलिमीटर जरी सरकलं तरी पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एका अंशाहून जास्त फरक पडू शकतो. सात पाकळ्यांत तो साचत जातो.

त्यापेक्षा एकच मूळ रेषा धरा आणि सगळे कोन तिच्यापासूनच मोजा. त्यासाठी कोनांची चढती बेरीज करायची. पहिली रेषा १२६ वर. मग १२६ आणि ८१ मिळून २०७. त्यात ५४ मिळवून २६१. पुढे २९० (२९ मिळवून), ३१७, ३३२ आणि शेवटी ३६०, म्हणजे परत मूळ रेषा. कोनमापक एकदा बसवला की त्याच जागी खुणा करायच्या. अशाने एक रेषा हुकली तर तिच्या दोन बाजूंच्या दोनच पाकळ्या बिघडतात, पुढच्या सगळ्या नाही.

अनुजा_ना
काका, पण आमचा कोनमापक अर्धा आहे, १८० पर्यंतच. २०७ कुठून मोजायचे?

भास्करकाका_नगर
मूळ रेषा केंद्रातून पलीकडे वाढवा, म्हणजे पूर्ण व्यास होईल. मूळ रेषेचं जे टोक ० आहे, त्याच्या समोरचं टोक १८०. आता कोनमापक उलट्या बाजूला ठेवा आणि त्या १८० च्या टोकाला शून्य समजा. २०७ म्हणजे तिथून २७. २६१ म्हणजे ८१. २९० चे ११०, ३१७ चे १३७, ३३२ चे १५२. वजाबाकी फक्त १८० ची. वाढवलेला अर्धा व्यास फिकट ठेवा आणि नंतर खोडा, कारण ती पाकळीची सीमा नाही. पुष्कळ मुलं ती तशीच ठेवतात आणि मग सातच्या आठ पाकळ्या दिसायला लागतात.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून वाढणारी, एक उजवीकडून. वर घेतलेली ओळ खालीही त्याच फिरण्याच्या दिशेने घ्यायची. दिशा बदलली की ८१ च्या ठिकाणी ९९ वाचला जातो. पाकळी डोळ्याला खटकते का ते बघा. घरभाड्याची पाकळी काटकोनाहून थोडी लहान दिसली पाहिजे, मोठी दिसली की समजा उलटी ओळ वाचली.

वर्तुळाची त्रिज्या पाच सेंटिमीटरच्या खाली नको. पाच सेंटिमीटरला एक अंश म्हणजे परिघावर एक मिलिमीटरही नाही, जेमतेम पाऊण-एक. पेन्सिलीच्या टोकाची जाडीच त्यातली अर्धी खाते. त्यामुळे ८१.४३ मधले ते ४३ आखायचा हट्ट करू नका, ते फक्त हिशेबात ठेवा.

रुक्मिणी_सातारा
मी आठवी ते दहावी गणित शिकवते. भास्करकाका म्हणतात ती चढती बेरीज छान आहे, पण एक प्रश्न आहे. बेरीज पूर्णांक केलेल्या कोनांची करायची की दशांशातल्या कोनांची?

मी गंमत म्हणून दशांश कोनांची चढती बेरीज केली: १२६, २०७.४३, २६१.४३, २९०.५७, ३१७.५७, ३३२.१४, ३६०. मग सीमा पूर्णांक केल्या: १२६, २०७, २६१, २९१, ३१८, ३३२, ३६०. पाकळ्या झाल्या १२६, ८१, ५४, ३०, २७, १४, २८. बेरीज ३६० च आहे, पण वीज-गॅसची २९ ची ३० झाली आणि औषधांची १५ ची १४. दोन उत्तरं आली. तक्त्यात लिहायचं कोणतं?

पाटीपेन्सिल
मॅडम, बरोबर जागी बोट ठेवलंत. सीमा पूर्णांक केल्या तर बेरीज कधीच चुकत नाही, कारण शेवटची सीमा ३६० च असते. त्या सोयीची किंमत अशी की प्रत्येक पाकळीला दोन सीमा असतात, दोन्हींची अर्ध्या अंशाची चूक एकाच बाजूला पडली की पाकळी जवळजवळ एका अंशाने चुकू शकते. २९.१४ ची ३० झाली ती अशीच.

उलट प्रत्येक पाकळी वेगळी पूर्णांक केली तर एकेक पाकळी अर्ध्या अंशात राहते, पण बेरीज ३६० होईलच याची हमी नाही. अनुजाताईंच्या घरात ती नशिबाने झाली.

रुक्मिणी_सातारा
नशिबाने हे खरंच. वर्गात दाखवायला मी ग्राहक किंमत निर्देशांकातले भार घेते. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतले, ग्रामीण आणि शहरी एकत्र. देशातल्या सरासरी घराचा खर्चच तो, टक्क्यांत मांडलेला: अन्न आणि पेयं ४५.८६, पान-तंबाखू आणि नशेचे पदार्थ २.३८, कपडे-पादत्राणं ६.५३, घर १०.०७, इंधन आणि दिवाबत्ती ६.८४, इतर सगळं २८.३२. बेरीज बरोबर १००, दोन दशांशांसकट. टक्क्यात काही छाटलेलं नाही.

३.६ ने गुणा: १६५.१०, ८.५७, २३.५१, ३६.२५, २४.६२, १०१.९५. पूर्णांक करा: १६५, ९, २४, ३६, २५, १०२. बेरीज ३६१! इथे टक्क्याने दगा दिलेला नाही, अंशानेच दिलाय. मुलं अशा वेळी हमखास सगळ्यात मोठ्या पाकळीतून एक कमी करतात, 'तिला काय फरक पडतो' म्हणून.

शेंगदाणा
मग काय बिघडलं? मीही तेच केलं असतं. १६५ चे १६४.

रुक्मिणी_सातारा
१६५.१० आधीच खाली आणून १६५ केलंय. तिचे १६४ म्हणजे एका अंशाहून जास्त चूक. त्याऐवजी जी पाकळी अगदी काठावरून वर ढकलली गेली तिला खाली ठेवायचं. इथे कपडे २३.५१, ते २४ न करता २३ ठेवले तर चूक अर्ध्या अंशाहून केसभर जास्त. बेरीज ३६०.

पाटीपेन्सिल
आणि तुमच्या याच भारांना सीमांची पद्धत लावली तरी १६५, ९, २३, ३६, २५, १०२ असंच येतं. इथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. अनुजाताईंच्या आकड्यांवर त्या फुटतात.

माझं मत, तक्त्यात दशांशासकट कोन लिहा आणि आकृती सीमांवरून काढा.

रुक्मिणी_सातारा
इथे मी वेगळं म्हणेन. तपासणाऱ्या बाई तक्त्यातला आकडा बघणार आणि कोनमापक पाकळीवर ठेवणार. २९.१४ लिहिलंय आणि पाकळी ३० ची, तर प्रश्न विचारणार. मुलीने १२६, ८१, ५४, २९, २७, १५, २८ लिहावं, त्यांचीच चढती बेरीज करावी, जशी काकांनी केली आहे. पुस्तकातल्या उदाहरणांत कोन बहुधा पूर्णच येतात, त्यामुळे हा वाद तिथे उद्भवतच नाही.

सांगोल्याचा_दुकानदार
उशिरा आलो, पण एक विचारतो. आमच्या पोराने असाच घरखर्च काढला. दुकानातून महिन्याला २८,००० घरात आले आणि खर्च झाला ३१,५००. त्याने बचत 'वजा ३,५००' लिहिली आणि आता तिचा कोन किती म्हणून विचारतोय. मी म्हटलं, बाकीचे कोन काढून घे आणि जितके जास्त होतील तितके वजा कर. बरोबर ना?

पाटीपेन्सिल
नाही साहेब. वजा पाकळी वर्तुळात काढताच येत नाही. आणि २८,००० ला पूर्ण वर्तुळ मानून कोन काढलेत, तर खर्चाच्या पाकळ्यांचेच ४०५ अंश होतील.

आधी ठरवा, वर्तुळ कशाचं? खर्चाचं असेल तर पूर्ण म्हणजे ३१,५००, आणि एक अंश म्हणजे साडेसत्याऐंशी रुपये. प्रत्येक बाब ३१,५०० शी ताडून पाहायची. त्यात बचत ही बाबच नाही, कारण ती झालेलीच नाही. तूट दाखवायची तर दुसरं वर्तुळ काढा, 'पैसे आले कुठून' याचं. तेही ३१,५०० चं. दुकानातून २८,००० म्हणजे ३२० अंश आणि उसनवारीचे किंवा आधीच्या शिलकीतून काढलेले ३,५०० म्हणजे ४० अंश.

सांगोल्याचा_दुकानदार
उसनवारी कुठली, घाऊक व्यापाऱ्याची उधारी आहे. माल उचलला, पैसे पुढच्या महिन्यात. आणि किराण्यातला बराचसा माल आम्ही दुकानातूनच घरी नेतो, त्याची किंमत खरेदीच्या भावाने धरायची की विक्रीच्या? पोराने विक्रीच्या भावाने धरलीय, त्यामुळे किराण्याची पाकळी निम्म्याहून मोठी झालीय.

भास्करकाका_नगर
मग तूट खरी किती हेच आधी ठरायचंय. कोनमापक नंतर काढा.

रुक्मिणी_सातारा
मी खरेदीच्या भावाने धरेन, कारण घरातून पैसे तेवढेच गेले. तेवढ्याने कदाचित तूटही कमी होईल.

शेंगदाणा
मी विक्रीच्या भावाने. तोच माल गिऱ्हाइकाला दिला असता तर तेवढे आले असते की नाही? पण मग ती जास्तीची रक्कम मिळकतीतही धरावी लागेल, एकीकडेच धरून चालणार नाही.

अनुजा_ना
काकांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने आज आखलं. त्रिज्या सहा सेंटिमीटर, एकच मूळ रेषा, २०७ पासून पुढच्या खुणा १८० च्या टोकापासून. आरडीची पाकळी मोजली तर २८ भरली. तक्त्यात तिने रुपये, दशांशातला कोन आणि पूर्णांक कोन असे तीन रकाने केलेत. टक्क्यांचा रकाना बाई मागतील म्हणून चौथा टाकलाय, एका दशांश स्थळापर्यंत: ३५, २२.६, १५, ८.१, ७.५, ४, ७.७. बेरीज ९९.९ येतेय, तर आता ती म्हणते त्यातही काहीतरी करायला हवं.

पाटीपेन्सिल
काही करू नका. तक्त्याखाली 'टक्के एका दशांश स्थळापर्यंत दिले आहेत, त्यामुळे बेरजेत ०.१ चा फरक आहे' एवढी ओळ लिहा. कोन रुपयांतून काढलेत, त्या रकान्यातून नाही.